शाळकरी मुलीला उवा आणि गजकर्ण एकाच वेळी: घरात काय करायचं, काय नाही

प्रश्न: मुलगी आठ वर्षांची आहे. औषध लावलं तरी महिन्याभरात डोक्यात परत उवा होतात. मानेवर गजकर्ण झालंय, मलम लावलं की दबतं आणि सोडलं की आणखी पसरतं. आता डोक्यातही एका जागचे केस गेलेत. धाकटा भाऊ आणि आजी तिच्याजवळच झोपतात. घरातलं सगळं उकळून काढायचं का? हे परत परत का होतंय?

उत्तर:

ताई, उवांचं नंतर बघू, आधी डोक्यातल्या त्या जागेबद्दल सांगते. मी परिचारिका आहे आणि शाळकरी मुलांच्या तपासण्या करते. मूल डोकं खाजवतं, घरचे म्हणतात उवाच असणार, आणि त्या नादात टाळूवरचं गजकर्ण आठवडेच्या आठवडे तसंच राहतं, हे मी नेहमी बघते.

मुलीला उजेडात बसवून ती जागा नीट बघा. केस मुळापाशी तुटलेले असतील, तुटलेल्या टोकांचे काळे ठिपके दिसत असतील, कातडीवर कोंड्यासारखी खपली असेल, मानेच्या मागे बोटाला लहान गाठी लागत असतील, तर ते बहुतेक गजकर्णच आहे. जागा अगदी गुळगुळीत असेल, खपली नसेल, खाज नसेल, तर ती चाई असू शकते आणि तिचे उपचार वेगळे असतात. कधी ही जागा सुजून मऊ होते आणि तिच्यातून पू येतो. ते गळवासारखं दिसतं, पण गळू समजून ते कापायला जाऊ नका. अशी सूज आली असेल तर एक-दोन दिवसांतच त्वचारोगतज्ज्ञ गाठा, कारण उशीर झाला तर तिथे व्रण राहतो आणि केस कायमचे जाऊ शकतात.

टाळूवरचं गजकर्ण नुसत्या मलमाने बरं होत नाही. बुरशी केसाच्या मुळात शिरलेली असते आणि मलम तिथवर पोचत नाही. त्यासाठी पोटातून औषध द्यावं लागतं. साधारणपणे ग्रिसिओफुल्विन सहा ते आठ आठवडे किंवा टर्बिनाफिन त्याहून कमी दिवस देतात. कोणतं द्यायचं ते बुरशीच्या जातीवर ठरतं, म्हणून डॉक्टर आधी थोडी खपली आणि तुटलेले केस तपासणीला पाठवतात. डोस वजनावर ठरतो, त्यामुळे दुसऱ्या मुलाच्या उरलेल्या गोळ्या देऊ नका. ग्रिसिओफुल्विन दिलं तर ते स्निग्ध पदार्थ असलेल्या जेवणासोबत द्या, उपाशीपोटी ते नीट शोषलं जात नाही. केस परत यायला लागले की पालक औषध थांबवतात आणि महिन्या-दोन महिन्यांत तीच जागा पुन्हा उठते. डॉक्टर थांबवा म्हणेपर्यंत औषध चालू ठेवायचं. मुंडण करायची मात्र गरज नाही, वरचा केस काढल्याने मुळातली बुरशी जात नाही.

आता मानेवरचं. ‘लावलं की दबतं, सोडलं की पसरतं’ हे वाचल्यावर माझा पहिला संशय त्या मलमावरच आहे. ट्यूबवर बारीक अक्षरात क्लोबेटासोल, बेटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन यांपैकी काही लिहिलंय का ते बघा. ही स्टिरॉइडं आहेत. ती लाली आणि खाज दाबतात, पण बुरशीला मारत नाहीत. उलट तिच्याशी लढणारी कातडीची ताकदच कमी करतात. म्हणून दोन-चार दिवस बरं वाटतं आणि आतल्या आत कड बाहेर सरकत राहते. सोबत बुरशीनाशक मिसळलेलं असलं तरी असं मलम लावू नये. ते बंद केल्यावर काही दिवस खाज आणि लाली वाढलेली दिसेल, तेव्हा घाबरून पुन्हा त्याच ट्यूबकडे वळू नका. तपासणीला जाताना ती ट्यूब सोबत न्या, कारण स्टिरॉइड लावलेलं गजकर्ण ओळखायला अवघड होतं आणि डॉक्टरांना ते कळायला हवं.

अंगावरच्या साध्या गजकर्णाला एक टक्क्याचं क्लोट्रिमाझोल दिवसातून दोनदा पुरतं. चट्ट्याच्या कडेपलीकडे दोन बोटं निरोगी कातडीवरही लावायचं, कारण बुरशी दिसते त्याच्या पुढे गेलेली असते. चट्टा दिसेनासा झाल्यावरही आणखी आठवडा-दोन आठवडे लावत राहायचं. तुमच्या मुलीला पोटातून औषध सुरू होईल, तेव्हा मलम किती दिवस लावायचं ते डॉक्टरांनाच विचारा.

आता उवांकडे येऊ. उवा परत येतात याचं कारण बहुतेक वेळा तारखेत सापडतं. एक टक्क्याचं पर्मेथ्रिन जिवंत उवा मारतं, लिखा मात्र सगळ्या मारत नाही. घातलेली लीख सात ते दहा दिवसांत फुटते, आणि तिच्यातून निघालेलं पिल्लू अंडी घालण्याइतकं मोठं व्हायला आणखी नऊ ते बारा दिवस लागतात. दुसरी खेप या मधल्या खिडकीत बसली पाहिजे, म्हणजे बहुतेक लिखा फुटून गेलेल्या असतात पण पिल्लांनी नवीन लिखा घातलेल्या नसतात. म्हणून नववा दिवस. पहिली खेप रविवारी दिली आणि तो पहिला दिवस धरला, तर दुसरी त्याच्या पुढच्या रविवारनंतरच्या सोमवारी येते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पुन्हा लावलं तर नंतर फुटणाऱ्या लिखा सुटतात, आणि तीन आठवड्यांनी लावलं तर तोवर पुढची पिढी लिखा घालत असते. तुमचं ‘महिन्याभरात परत’ या हिशोबात चपखल बसतं.

लावताना केस साध्या शाम्पूने धुवायचे, कंडिशनर अजिबात नको, टॉवेलने टिपून ओलसर ठेवायचे आणि मुळापासून टोकापर्यंत औषध चोळायचं. कानांमागे आणि मानेच्या केसांच्या कडेला विशेष लक्ष द्या, उवा तिथेच जास्त असतात. दहा मिनिटांनी धुवायचं, आणि पुढचे एक-दोन दिवस शाम्पू लावायचा नाही. खरजेसाठीचं पाच टक्क्यांचं पर्मेथ्रिन वेगळं असतं, ते आपल्या मनाने डोक्याला लावू नका. रॉकेल तर कधीच नाही. डोक्यातली ती जागा ओली किंवा पू असलेली असेल, तर डॉक्टरांना दाखवेपर्यंत उवांचं औषधही थांबवा. तोवर कंडिशनर लावलेल्या ओल्या केसांतून दर तीन-चार दिवसांनी फणी फिरवा, दुखऱ्या जागेला हात न लावता. औषध दिल्यावरही दोन-तीन आठवडे हे चालू ठेवा. उशिरा फुटलेली पिल्लं त्यातच सापडतात.

औषध लागू पडलं की नाही ते आठ ते बारा तासांनी फणी फिरवून कळतं. काही मेलेल्या आणि काही मंद, लटपटणाऱ्या उवा दिसल्या तर औषध काम करतंय, लगेच पुन्हा लावू नका. उवा आधीसारख्याच चपळ असतील आणि मेलेली एकही नसेल, तर त्या औषधाला उवा दाद देत नाहीत. मग डॉक्टरांना विचारून डायमेथिकोन किंवा आयव्हरमेक्टिनसारखं दुसरं औषध घ्या. नुसत्या लिखा दिसल्या म्हणून मात्र पुन्हा औषध नको. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. टाळूपासून सेंटिमीटरभर दूर गेलेली लीख ही फुटून गेलेली रिकामी टरफलं असतात. खाजही औषधानंतर काही दिवस राहू शकते, तेवढ्यावरून उवा आहेत असं धरू नका.

घरातल्यांपैकी प्रत्येकाचं डोकं त्याच रविवारी ओल्या केसांत फणीने तपासा, तुमचं आणि वडिलांचंही. जिवंत ऊ सापडेल त्या सगळ्यांना त्याच दिवशी औषध लावायचं. भाऊ आणि आजी तिच्याजवळ झोपतात, त्यामुळे त्यांच्या डोक्यात काही दिसलं नाही तरी त्यांनाही देणं योग्य ठरतं. आज मुलीला आणि पुढच्या आठवड्यात आजीला असं केलं, तर उवा एका डोक्यावरून दुसऱ्यावर फिरत राहतात. पहिल्यांदाच उवा झालेल्या माणसाला चार ते सहा आठवडे खाजच येत नाही, त्यामुळे ‘मला काही खाजत नाही’ यावर विसंबू नका.

तुमच्या घरात आता एक खास धोका आहे, आणि तो म्हणजे ही फणी. उवा शोधायला तुम्ही तीच फणी पाच डोक्यांवर फिरवणार, आणि मुलीच्या टाळूवरची खपली आणि तुटके केस तिच्याबरोबर सगळीकडे जाणार. म्हणून मुलीची फणी आणि कंगवा वेगळे ठेवा. खूण म्हणून रंगीत दोरा बांधा, आणि उपचार संपले की दोन्ही टाकून द्या. केस कापायचं यंत्र घरात असेल तर तेही सध्या कोणी वापरू नये.

उकळण्याबद्दल विचारलंत. इथे दोन आजारांची गरज अगदी वेगळी आहे. ऊ डोक्याबाहेर रक्ताविना एक-दोन दिवसांत मरते, उडी मारत नाही, उडतही नाही. डोक्याला डोकं लागून ती पसरते. त्यामुळे उवांसाठी आधीच्या दोन दिवसांत वापरलेल्या उशांच्या खोळी, चादरी, टोप्या आणि टॉवेल गरम पाण्यात, साधारण पंचावन्न अंशांवर, धुतले की झालं. गाद्या बाहेर काढणं, घरात कीटकनाशक फवारणं हे सगळं वायफळ आहे, आणि फवारणी तर मुलांना अपायकारकच.

बुरशीचे बीजाणू मात्र कंगव्यावर, टोपीवर, उशीच्या खोळीवर महिनोन्‌महिने टिकतात. म्हणून शक्ती वाचवायची ती उवांच्या गोष्टींवर आणि खर्च करायची ती गजकर्णावर. मुलीचा टॉवेल वेगळा, रोज बदललेला आणि कडक उन्हात वाळवलेला हवा. तिच्या उशीची खोळ, ओढणी, केसांचे बंद, टोपी कोणी वापरायचं नाही. उपचार चालू असेपर्यंत ती वेगळ्या उशीवर, शक्य तर वेगळ्या अंथरुणात झोपू दे. आजीला ते अवघड जाईल, पण हे काही आठवड्यांपुरतंच आहे.

टाळूच्या गजकर्णात आणखी एक गोष्ट असते. घरातल्या एखाद्याच्या डोक्यात बुरशी काहीही न दिसता बसलेली असते, आणि मुलगी बरी झाली की तिथून तिला परत मिळते. म्हणून मुलीबरोबर भावालाही डॉक्टरांना दाखवा. सगळ्यांनी आठवड्यातून दोनदा दोन टक्क्यांच्या केटोकोनाझोल शाम्पूने डोकं धुवायचं का, तेही विचारा. शाम्पूने आजार बरा होत नाही, पण इतरांना लागणारे बीजाणू कमी होतात. घरात मांजर किंवा कुत्र्याचं पिल्लू असेल आणि त्याचे केस चट्ट्यांनी गळत असतील, तर पशुवैद्यालाही दाखवा, कारण या बुरशीची एक जात त्यांच्याकडूनच येते.

शाळेचं म्हणाल तर उवांचं औषध लावल्यावर दुसऱ्या दिवशी आणि गजकर्णाचं औषध सुरू झाल्यावर ती शाळेत जाऊ शकते. केस बांधून पाठवा, आणि वर्गशिक्षकांना एकट्यात सांगा, म्हणजे तिच्या बाकावरच्या मैत्रिणींची डोकीही त्याच आठवड्यात घरी तपासली जातील.