कूस बदलली की गरगरतं? कानाच्या डॉक्टरांची उत्तरं

कानात कोमट तेल घातलं तर चक्कर थांबेल का? (बार्शी)

नाही. तेल पडद्याच्या अलीकडेच राहतं आणि बिघाड पडद्याच्या बराच आत असतो.

आई ५८ वर्षांची आहे. उजव्या कुशीवर वळली की खोली गरगर फिरते, अर्ध्या मिनिटात थांबते. एक्सरेत मानेचा स्पॉन्डिलायटिस निघाला, दोन महिने पट्टा आणि चक्करच्या गोळ्या चालू आहेत, फरक नाही. (होटगी रोड, सोलापूर)

अहो, या वयात एक्सरे काढला की मणक्याची झीज बहुतेकांना दिसतेच, त्यावरून चक्कर मानेमुळे येते असं ठरत नाही, आणि तरी दर आठवड्याला कोणीतरी पट्टा बांधूनच माझ्याकडे येतं, याचं मला खरंच वाईट वाटतं. फक्त वळल्यावर, मिनिटाच्या आत थांबणारं गरगरणं म्हणजे आधी कानातल्या खड्यांचाच विचार करायचा. आतल्या कानात एका पिशवीत कॅल्शियमचे बारीक कण चिकटलेले असतात, ते सुटून शेजारच्या अर्धगोल नळीत पडतात, बहुतेक वेळा मागच्या नळीत. कूस बदलली की कण घरंगळतात, नळीतलं पाणी हलतं आणि मेंदूला वाटतं डोकं फिरतंय. गोळी ही जाणीव थोडी बोथट करते, पण नळीतले कण तिने बाहेर येत नाहीत.

तपासणीला मशीन लागत नाही. बसवून डोकं उजवीकडे ४५ अंश वळवायचं, पटकन आडवं करून डोकं टेबलाच्या कडेखाली थोडं झुकवायचं आणि डोळे बघायचे. काही सेकंदांनी बुबुळं झटके देत फिरायला लागली तर दोष उजव्या मागच्या नळीत. मग तिथूनच कण परत जागेवर नेण्याची एप्ली नावाची कृती करायची: गरगरणं थांबेपर्यंत, साधारण अर्धा ते एक मिनिट तसंच ठेवायचं, डोकं ९० अंश डावीकडे, पुन्हा थांबायचं, मग अख्खं अंग डाव्या कुशीवर, नाक जमिनीकडे, पुन्हा थांबायचं, आणि शेवटी हळूच उठवून बसवायचं. कण नळीतून परत पिशवीत जातात. बऱ्याच जणांना एक-दोन वेळात आराम पडतो. मानेचं ऑपरेशन झालं असेल किंवा डोळ्याचा पडदा सुटलेला असेल तर आधी सांगा. गोळ्यांमुळे कधीकधी तपासणीत डोळ्यांची हालचाल दबते, म्हणून कोणत्या चालू आहेत तेही सांगा, मनाने बंद करू नका. आईला कानाच्या डॉक्टरकडे न्या, आणखी महिना घालवू नका.

मोबाईलवर व्हिडिओ बघून घरीच केलं तर? (पंढरपूर)

कोणता कान, कोणती नळी हे माहीत नसताना कसं करणार? आडव्या नळीत कण असतील तर पद्धतच वेगळी, त्यात रुग्णाला पूर्ण लोळवतात. एकदा तपासून घ्या, मग घरी करायचं का ते डॉक्टर सांगतील.

बरं झाल्यावर पुन्हा होतं का? (अक्कलकोट)

होऊ शकतं. ड जीवनसत्त्व कमी असेल तर जास्त, ते तपासून घ्या.

हे अर्धांगवायूचं लक्षण तर नाही ना? (मोहोळ)

फक्त कूस बदलताना क्षणभर येत असेल तर सहसा नाही. पण चक्कर एकसारखी टिकली, बोलणं अडखळलं, दोन-दोन दिसायला लागलं, हातपाय लुळा पडला, अचानक जोरात डोकं दुखलं किंवा उभंच राहता येईना, तर माझी अपॉइंटमेंट घेत बसू नका, तडक मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा.