भावकीच्या मोठ्या ग्रुपवर कुणी गेल्याची बातमी आली तर काय लिहावं आणि काय टाळावं?

प्रश्न: आमच्या भावकीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोनशेच्या आसपास माणसं आहेत. कुणी वारलं की दिवसभर 'भावपूर्ण श्रद्धांजली', हात जोडलेले, फुलांचे फोटो, तेच ते मेसेज. मलाही लिहावंच लागतं का? नाही लिहिलं तर वाईट दिसतं का? इमोजी, फॉरवर्ड केलेले फोटो चालतात का?

उत्तर:

मी गंगाखेड तालुक्यातला. आमच्या भावकीच्या ग्रुपचा पाच वर्षांपासून अ‍ॅडमिन आहे, म्हणजे शिव्या खाणारा माणूस. तुमच्यासारखंच मलाही वाटायचं की हा फार तर कंटाळ्याचा प्रश्न आहे, दुर्लक्ष करावं. दोन वर्षांपूर्वीच्या जुलैत आमचे थोरले चुलते, बप्पा, गेले आणि माझं मत बदललं.

बप्पा रात्री ११.४० ला घरीच गेले. दहा मिनिटांत एका पुतण्यानं ग्रुपवर टाकलं, "बप्पा गेले 😭". एवढंच. त्यांची लेक चिंचवडला. तिला घरून फोन जायचा होता, पण आईला कुणी तरी सावरत होतं आणि भाऊ डॉक्टरला सोडायला गेला होता. तिनं झोपताना सहज फोन पाहिला आणि बाप गेल्याचं तिला त्या रडक्या तोंडावरून कळालं. खाली तोवर अकरा जणांनी हात जोडून ठेवले होते.

दुसरी गोष्ट सकाळची. माती दुपारी १२ ला ठरली होती, तसं ग्रुपवर टाकलंही होतं. माती ओढ्याकाठच्या शेतात, तिथं शेड नाही. पहाटेपासून आभाळ भरून आलेलं. लेक साडेआठपर्यंत पोचते म्हणाली, म्हणून थोरल्यांनी वेळ १० ची केली आणि मी ७.१० ला ते ग्रुपवर टाकलं. लातूरहून दोन आत्या निघाल्या त्या बाराच्या हिशोबानं. सव्वाअकराला पोचल्या, तेव्हा जाळ लागून गेला होता. सख्ख्या भावाचं तोंड दिसलं नाही. धाकटी आत्या मला म्हणाली, "तू टाकलं होतंस म्हणं. मी वर नेऊ नेऊ पाहिलं रे, नुस्ते हात जोडलेलेच दिसले." नंतर मी मोजलं. रात्री ११.५० ते सकाळी ९ पर्यंत १३७ मेसेज. त्यातले कामाचे चार.

म्हणून माझ्या मते पहिला मुद्दा हा की मौतीच्या दिवशी ग्रुप आधी निरोपासाठी असतो, मग सांत्वनासाठी. पूर्वी निरोप्या गावोगाव जायचा तेव्हा तो दारात उभा राहून रडत बसत नव्हता. कोण, कधी, माती कुठं, किती वाजता, एवढं सांगून पुढच्या गावाला जायचा.

आता आम्ही असं करतो. आधी फोन. लेकी, लेक, सख्खी भावंडं, आणि बाई गेली असेल तर तिच्या माहेरचे. माहेरची माणसं आल्याशिवाय आमच्याकडं उचलत नाहीत. हे फोन झाले असं घरातल्या एकानं सांगितलं की मगच ग्रुपवर. तोवर कुणाला कळालं असलं तरी गप्प. मेसेज असा असतो:

"आपले बप्पा, थोरल्या वाड्यातले, वय ७८, आज रात्री ११.४० वाजता घरी वारले. माती उद्या दुपारी १२ वाजता, गावी, ओढ्याकाठच्या शेतात. घरच्यांना सध्या फोन करू नये. विचारायचं असेल ते मला विचारा. वेळ बदलली तर नवा मेसेज वर पिन करू."

'थोरल्या वाड्यातले' हे लिहावंच लागतं, कारण आमच्या गावात बप्पा चार आहेत. मागं एकदा नुसतं 'दादा गेले' आलं आणि तीन घरी रडारड झाली.

पिन करणं म्हणजे मेसेज दाबून धरायचा आणि पिन निवडायचं. तो ग्रुपच्या वरच्या पट्टीत चिकटून राहतो. २४ तास, ७ दिवस की ३० दिवस, हे तो विचारतो. आपल्याला २४ तास पुरतात, कारण नंतर राख सावडण्याचा आणि दहाव्याचा निरोप वेगळा येतो. एक चूक मात्र हमखास होते. लोक जुना मेसेज दुरुस्त करायला जातात. पाठवून १५ मिनिटं झाली की व्हॉट्सअ‍ॅप दुरुस्ती करू देत नाही, आणि करू दिली तरी ज्यानं आधी वाचलाय तो पुन्हा कशाला उघडतोय? वेळ बदलली की नवा मेसेज, तोच पिन, जुन्याचा पिन काढायचा. शिवाय लांबून निघणाऱ्यांना फोन. आत्यांना मी फोन केला असता तर हे सगळं लिहायची वेळ आली नसती, हेही खरं.

ग्रुपला कुलूप लावून फक्त अ‍ॅडमिनना लिहू देण्याची सोय आहे. मी एकदा लावलं. तासाभरात सहा फोन आले, "आमचं तोंड कामून बंद केलंस?" त्यांचंही चूक नाही, माणूस गेल्यावर दोन शब्द बोलू न देणं बरं दिसत नाही. मग आम्ही वेगळा 'निरोप' ग्रुप काढला. त्यात आम्ही पाच जणच लिहितो, बाकी सगळे वाचतात. जुन्या ग्रुपवर ज्याला जे लिहायचं ते लिहू द्या.

आता तुमचं. मोठ्या ग्रुपवर तुम्ही लिहिलं नाही हे कुणाच्याही लक्षात येत नाही. लिहायचंच असेल तर निरोपाच्या मेसेजला दाबून 🙏 एवढी खूण लावा. तिनं मेसेज खाली सरकत नाहीत. पण ती खूण लावल्याची सूचना फक्त मेसेज टाकणाऱ्याला जाते, म्हणजे बहुतेक वेळा मला. बप्पांच्या लेकीला तुमचं दुःख कळवायचं असेल तर ते तिलाच लिहावं लागेल. आणि जपून दाबा. दाबून धरल्यावर जी सहा चिन्हं येतात त्यात 😂 हा मधेच बसलेला आहे, 😮 आणि 😢 च्या शेजारी. आमच्या एका काकांनी चष्मा न लावता तोच लावला आणि दिवसभर तसाच राहिला, खाली त्यांच्या नावासकट. तीच खूण पुन्हा दाबली की निघते, हे त्यांना माहीत नव्हतं. 👍 देखील नको. तुमच्या मनात 'वाचलं' असतं, समोरच्याला 'छान' दिसतं. 💐 ला माझी हरकत नाही, पण आमच्या ग्रुपवर तोच गुच्छ वाढदिवसालाही जातो, आणि त्याच दिवशी कुणाच्या लेकराचा वाढदिवस असला की कुठला गुच्छ कुणाला हे कळत नाही. राख सावडेपर्यंत ग्रुपवर वाढदिवस नकोत, असं आम्ही ठरवलंय. लेकराला फोन करून शुभेच्छा द्या की.

फॉरवर्ड केलेला फोटो मला सगळ्यात नकोसा. समई, विझलेली वात, खाली सुंदर अक्षरात ओळ. वर 'फॉरवर्डेड'ची खूण, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी मौतीतून आलेला. बप्पांच्या वेळी आलेल्या एका बॅनरवर दुसऱ्याच गावच्या मयताचं नाव होतं. आणखी एका बॅनरवर बप्पांचा फोटो बोटाएवढा आणि 'शोकाकुल' म्हणून खाली उभ्या असलेल्या होतकरू पुढाऱ्याचा तळहाताएवढा. यापेक्षा वाईट म्हणजे मयताच्या चेहऱ्याचे, चितेचे फोटो. 'येता नाही आलं त्यांना दर्शन' म्हणून टाकतात. पण बऱ्याच फोनमध्ये फोटो आपोआप उतरतात आणि गॅलरीत बसतात. सहा महिन्यांनी लेकराच्या शाळेचा फोटो शोधताना लेकीला बापाचं कापूस घातलेलं नाक दिसतं. ज्याला दर्शन हवंय त्यानं मागावं, घरच्यांनी त्याला एकट्याला पाठवावं. ग्रुपवर कुणी टाकलाच तर अ‍ॅडमिनला तो सगळ्यांसाठी काढता येतो. मी विचारत बसत नाही, काढतो, मग फोन करून सांगतो.

प्रार्थनेचं म्हणाल, तर 'मृतात्म्यास चिरशांती लाभो' हे चाळीस जणांनी कॉपी करून टाकलं तरी त्यातला एकही ते वाचत नाही. (आत्मा मरत नाही म्हणतात, मग 'मृतात्मा' कसा, हे आमच्या गावच्या एका म्हाताऱ्या टाळकऱ्यानं मला विचारलेलं आहे.) 'रामकृष्णहरी' ची १०८ ची साखळी एकदा सुरू झाली होती, त्यातच दहाव्याची वेळ गाडली गेली. घरी बसून हरिपाठ म्हणा, बप्पांना तोच आवडायचा. आणि घर बघून शब्द वापरा. आमची एक सून बौद्ध घरातली. तिचे वडील गेले तेव्हा पन्नास जणांनी 'आत्म्यास मोक्ष मिळो' लिहिलं. ती काही बोलली नाही. महिन्यानं मला म्हणाली, "भाऊजी, आमच्यात आत्मा मानत नाहीत. पुण्यानुमोदन करतात." लिंगायत घरी 'लिंगैक्य झाले' म्हणतात. माहीत नसेल तर "वडील गेल्याचं कळालं, फार वाईट वाटलं" हे कुठल्याही घरी चालतं.

घरच्यांना वेगळं लिहायचं असेल तर पहिल्या दिवशी लिहू नका, त्या दिवशी फोन कुणाच्या हातात नसतो. तेरावं झाल्यावर, पाहुणे गेले की लिहा. ग्रुप तेव्हा गप्प झालेला असतो. 'धीर धर' लिहू नका. गेलेल्या माणसाची एखादी तुम्हाला माहीत असलेली गोष्ट लिहा आणि शेवटी 'उत्तर नाही दिलंस तरी चालेल' एवढं जोडा, नाही तर त्या बिचारीला दोनशे जणांना हात जोडत बसावं लागतं. बप्पांच्या लेकीला आलेल्या मेसेजांतला तिनं एकच ठेवलाय. एका आतेभावानं लिहिलं होतं की दहावीला असताना गंगाखेडच्या स्टँडवर त्याचं पाकीट मारलं गेलं, तेव्हा बप्पांनी तिकिटाचे पैसे दिले आणि घरी सांगू नको म्हणाले.

न लिहिल्याचं वाईट दिसतं का, तर नाही. आमच्याकडं हजेरी लागते ती मातीला आणि राख सावडायला. तिथं कोण आलं नाही हे वीस वर्षं लक्षात ठेवतात.