जहाजांची संख्या तेवढीच, मग भाडे दहापट कसे होते?

प्रश्न: कोळसा आणि लोहखनिज वाहणाऱ्या जहाजांची संख्या काही महिन्यांत फारशी बदलत नाही, तरी त्यांचे भाडे कधी दहापट होते आणि कधी पार कोसळते. हे कसे?

मी बरीच वर्षे मुंबईत जहाजे भाड्याने ठरवण्याच्या, म्हणजे चार्टरिंगच्या कामात होतो आणि आता सोलापुरात राहतो. आपल्या प्रश्नातच उत्तराचा अर्धा भाग आहे: जहाजे लगेच वाढत नाहीत आणि लगेच कमीही होत नाहीत, म्हणूनच सगळा ताण भाड्यावर येतो.

समजा, ब्राझीलच्या बंदरातून एका ठरावीक आठवड्यात दहा खेपा उचलायच्या आहेत आणि तोपर्यंत तिथे नऊच जहाजे पोहोचू शकतात. दहाव्या खरेदीदाराला पोलादाची भट्टी थंड होऊ देणे परवडत नाही, म्हणून तो भाव चढवत नेतो आणि उरलेले जहाजमालक त्याच भावावर अडून बसतात. आता त्याच दहा खेपांसाठी अकरा जहाजे आली आहेत असे धरा. अकराव्या मालकाचे खलाशांचे पगार, विमा आणि कर्जाचे हप्ते जहाज उभे राहिले तरी चालूच असतात, त्यामुळे इंधन व बंदराचा खर्च निघून वर थोडेफार उरले तरी तो होकार देतो. फरक फक्त दोन जहाजांचा असतो, पण भाव ठरतो तो शेवटच्या जहाजावर किंवा शेवटच्या खेपेवर.

जहाजांची गरज टनांवर जितकी अवलंबून असते तितकीच अंतरावरही असते, आणि नवख्या माणसाच्या नजरेतून नेमके हेच सुटते. सुमारे 1,70,000 टन खनिज नेणारे केपसाइज जहाज घ्या. पश्चिम ऑस्ट्रेलिया ते चीन हे अंतर साधारण 3,600 सागरी मैल आहे; दिवसाला 300 मैल धरले तर जायला बारा दिवस, रिकामे परतायला बारा आणि भरणे-उतरवणे व थांबणे यांत आठ, असे 32 दिवस लागतात. म्हणजे वर्षात अकरा फेऱ्या आणि जवळपास 19 लाख टन माल. ब्राझील ते चीन अंतर सुमारे 11,000 मैल आहे, तिथे हीच फेरी 82 दिवसांची होते आणि तेच जहाज वर्षाला साडेसात लाख टनांच्या आसपासच माल पोहोचवते. चीनच्या पोलाद कारखान्यांनी वर्षाला एक कोटी टनांची खरेदी ऑस्ट्रेलियाकडून ब्राझीलकडे वळवली, तर पाच जहाजांच्या जागी तेरा लागतील, आणि एकूण मागणीत एका टनाचीही वाढ झालेली नसेल.

दुसरी गोष्ट रांगेची. आपल्याकडे गाळप हंगामात साखर कारखान्याच्या यार्डात ट्रॅक्टर-ट्रॉल्या वजनकाट्यासाठी उभ्या असतात, चालक ट्रॉलीखाली अंथरूण टाकून झोपलेला असतो आणि वरचा ऊस वाळत जातो. ज्या ट्रॅक्टरने दोन दिवसांत दोन खेपा केल्या असत्या, त्याची एकच होते. गावात ट्रॅक्टर तेवढेच असूनही तोडणीला वाहन मिळत नाही. बंदराबाहेर नांगर टाकून उभी असलेली जहाजेही अशीच बाजारातून नाहीशी होतात आणि रांग ओसरली की सगळी एकदम परत येतात. भाडे चढले की मालक जहाजाचा वेग वाढवतात, पण वेग वाढेल तसे दिवसाचे इंधन त्याच्या कितीतरी पट वाढते, आणि इंजिनाच्या मर्यादेपुढे तोही उपाय संपतो.

2008 साली हे सर्व एकाच वर्षात दिसले. जूनच्या सुरुवातीला केपसाइजचे दिवसाचे भाडे 2,30,000 डॉलरच्या वर होते. डिसेंबरच्या सुरुवातीला ते सुमारे 2,300 डॉलरवर आले, आणि एवढ्यात जहाजाचा रोजचा खर्चही भागत नव्हता. जहाजे त्या सहा महिन्यांत जवळपास तीच होती. पोलादाची मागणी आटली, बँका एकमेकींच्या हमीपत्रांवर विश्वास ठेवेनाशा झाल्या, त्यामुळे माल तयार असूनही सौदे अडले, आणि खेपांपेक्षा जहाजे जास्त झाली.

तेजीचे खरे ओझे मात्र नंतर कळते. जहाज मागवल्यापासून हाती यायला साधारण दोन-तीन वर्षे लागतात, म्हणून 2007-08 च्या भाड्याकडे पाहून दिलेल्या ऑर्डरी मंदी आल्यावर, 2010 ते 2012 मध्ये पाण्यात उतरल्या. त्यानंतरही नव्या ऑर्डरी येत राहिल्या, आणि कोळसा, खनिज असा सुका माल वाहणाऱ्या जहाजांच्या भाड्याचा निर्देशांक, म्हणजे बाल्टिक ड्राय इंडेक्स, जो मे 2008 मध्ये 11,793 होता, तो फेब्रुवारी 2016 मध्ये 290 पर्यंत उतरला. जुनी जहाजे अलंगच्या किनाऱ्यावर तोडायला जातात खरी, पण मालक शेवटपर्यंत पुढच्या तेजीची वाट पाहतो, त्यामुळे ही घट फार उशिरा होते.

आपल्याला अंदाज घ्यायचा असेल, तर निर्देशांकापेक्षा दोन गोष्टी आधी पाहाव्यात: ब्राझीलकडे सध्या किती रिकामी जहाजे निघाली आहेत, आणि बांधणीच्या ऑर्डरी चालू ताफ्याच्या किती टक्के आहेत. पहिलीवरून पुढच्या महिना-दीड महिन्याचा कल दिसतो, दुसरीवरून पुढच्या दोन-तीन वर्षांचा. आणखी एक मर्यादा लक्षात ठेवावी. हा निर्देशांक खुल्या बाजारातले भाडे दाखवतो. मोठे खरेदीदार बराचसा माल लांब मुदतीच्या करारांवर नेतात, त्यामुळे निर्देशांक दुप्पट झाला म्हणून प्रत्येक टन कोळशाची वाहतूक दुप्पट महाग झाली असे होत नाही.