ऑलॉजी आणि इझमचा तक्ता: तिसरा रकाना कशाचा?

प्रश्न: मॅडम, माझी मुलगी नववीला आहे, कागल तालुक्यातल्या शाळेत. इंग्रजीच्या बाईंनी ऑलॉजी आणि इझमने संपणाऱ्या शब्दांचा तक्ता करायला सांगितलाय. तिने साठेक शब्द लिहून पाठ केले, पण एन्टोमॉलॉजी आणि एटिमॉलॉजी हमखास उलटे सांगते. इझमला ती सगळीकडे ‘वाद’ लिहिते. घरची ऊसशेती आहे, तिला किड्यामुंग्यांचं फार वेड आहे. या शब्दांतून तिला पुढची एखादी दिशा दिसेल का? — एक आई

उत्तर:

ताई, साठ शब्दांतले चाळीस खोडायला सांगा. उरलेल्या वीस शब्दांपुढे शब्द आणि अर्थ यांच्याशिवाय तिसरा रकाना आखायचा: ‘हा माणूस सकाळी कामाला गेला की हातात काय घेतो?’ हा रकाना भरता आला नाही, तर तो शब्द नुसता पाठ झालाय, कळलेला नाही.

सुरुवात तुमच्याच उसापासून करा. वळवाचा पाऊस झाला की तिन्हीसांजेला जमिनीतून तपकिरी भुंगेरे बाहेर पडतात आणि बांधावरच्या कडुनिंबावर, बाभळीवर पाला खायला बसतात. त्यांनी जमिनीत घातलेल्या अंड्यांतून हुमणी निघते आणि पावसाळाभर उसाच्या मुळ्या कुरतडते. ऊस पिवळा पडून वाळतो आणि बेट धरून ओढलं की सहज उपटून येतं. खालची माती उकरली की पांढरी, इंग्रजी सी अक्षरासारखी वाकडी अळी सापडते. या किड्याचं आयुष्य वर्षाचं असतं. म्हणून झाडाच्या फांद्या हलवून भुंगेरे गोळा करायचे आणि रॉकेलमिश्रित पाण्यात टाकायचे, ते अंडी घालायच्या आधीच. अळी मोठी होऊन मुळांशी बसली की औषधही नीट लागू पडत नाही. ही वेळ ओळखणं, कीड कुठल्या अवस्थेत आहे हे सांगणं, हे एन्टोमॉलॉजीचं, म्हणजे कीटकशास्त्राचं काम. तिसऱ्या रकान्यात लिहा: भिंग, प्रकाश सापळा, अळीची बाटली.

आता त्याच फडात दुसरं बेट बघा. शेंड्यातून काळा, लांब, चाबकासारखा पट्टा निघालाय. सुरुवातीला त्यावर चंदेरी पातळ पापुद्रा असतो, तो फाटला की आतली काळी भुकटी वाऱ्यावर उडते. ही काणी. इथे कीड शोधत बसण्यात अर्थ नाही, कारण ही बुरशी आहे. पट्टा प्लॅस्टिकच्या पिशवीत अलगद झाकून कापायचा, बेट मुळासकट काढून जाळायचं आणि पुढच्या लागणीला निरोगी बेणं घ्यायचं. अशा फडाचा खोडवा ठेवू नये, त्यात काणी वाढते. हे काम प्लांट पॅथॉलॉजीचं, वनस्पती रोगशास्त्राचं. पॅथोस म्हणजे ग्रीकमध्ये दुखणं, भोग. दवाखान्यातला पॅथॉलॉजिस्ट रक्ताच्या थेंबात दुखणं शोधतो, हा उसाच्या पानात शोधतो. एकाच वावरात दोन ऑलॉजी आहेत आणि दोघांची अवजारं वेगळी, हे मुलीने स्वतः बघितलं की ते शब्द तिला विसरायचं म्हटलं तरी विसरता येणार नाहीत.

उलटापालट होते त्यावर इलाज मुळातच आहे. एन्टोमॉन हा ग्रीक शब्द ‘कापलेलं, खाचा पाडलेलं’ या अर्थाचा. मुंगीचं अंग बघा: डोकं, छाती, पोट, मध्ये खाचा. लॅटिनमधल्या इन्सेक्टचा अर्थही तोच. आतला ‘टॉम’ अ‍ॅनाटॉमीत आहे, कारण शरीर कापून बघायचं, आणि अ‍ॅटममध्येही आहे, कारण ज्याचे तुकडे होत नाहीत तो कण, असं जुन्या ग्रीकांना वाटायचं. एटिमॉनचा अर्थ मात्र ‘शब्दाचा खरा अर्थ’. म्हणजे एटिमॉलॉजी शब्दांच्या जन्मकुळीची. कीटकाच्या शब्दात ‘न’ आहे, दुसऱ्यात नाही, हे तिने तक्त्यात लाल पेनाने दाखवावं.

शेपटावर विसंबू नका. लॉगॉस म्हणजे बोलणं, मांडणी. त्यामुळे अ‍ॅपॉलॉजी हे शास्त्र नाही, मुळात ते स्वतःच्या बचावाचं बोलणं होतं. ट्रिलॉजी म्हणजे तीन भागांची कथा. अ‍ॅस्ट्रॉलॉजीला शेपूट ऑलॉजीचं असलं तरी ते फलज्योतिष. आकाशाचा शास्त्रशुद्ध अभ्यास करणाऱ्या विषयाचं नाव आहे अ‍ॅस्ट्रॉनॉमी, त्यात ऑलॉजी नाहीच. सायकॉलॉजी आणि सायकिअ‍ॅट्री हेही असंच. दुसरीत औषध लिहून देणारा डॉक्टर असतो, त्यासाठी आधी एमबीबीएस लागतं. पालक इथे नेहमी चुकतात आणि बारावीनंतर चुकीच्या दाराशी उभे राहतात.

इझमकडे मी जरा वेगळ्या नजरेने बघते. ‘वाद’ लावून वाक्य म्हणून बघा. सोशॅलिझमला समाजवाद जमतं, रेसिझमला वंशवाद जमतं. टुरिझमला ‘पर्यटनवाद’ म्हणाल? तिथे तो व्यवसाय आहे, तसंच जर्नलिझम. मेटॅबॉलिझम ही शरीरातली चयापचयाची क्रिया. मॅग्नेटिझम म्हणजे चुंबकत्व, हा पदार्थाचा गुणधर्म. प्लेजिअ‍ॅरिझम हे दुसऱ्याचं लिखाण आपलं म्हणून खपवायचं कृत्य. अ‍ॅस्टिग्मॅटिझम हा डोळ्यांचा दोष, ऱ्ह्युमॅटिझम सांध्यांचं दुखणं. म्हणून इझमच्या तक्त्यात ‘अर्थ’ या रकान्याआधी एक लहान रकाना हवा: विचार, आजार, व्यवसाय, क्रिया, गुण, कृत्य, यांपैकी काय? धर्मांची नावं, बुद्धिझम, जैनिझम, वेगळ्या ओळीत लिहा, त्यांना ‘वाद’ म्हणू नये. मुलगी सगळीकडे वाद लिहिते त्याचं मला नवल वाटत नाही, शाळेत पहिली उदाहरणं तशीच दिली जातात.

दिशेचं विचारलंत. इझम शब्दांत बहुतेक वेळा नोकरी नसते. समाजवाद शिकायचा तर तो राज्यशास्त्राच्या किंवा इतिहासाच्या वर्गात शिकतात. ऑलॉजीत मात्र वाटा सरळ दिसतात. किड्यांचं वेड खरं असेल तर अकरावी-बारावी विज्ञान, जीवशास्त्रासह, मग सीईटी आणि चार वर्षांचं बीएस्सी कृषी, जे आपल्या कोल्हापुरात राजर्षी छत्रपती शाहू महाराज कृषी महाविद्यालयात करता येतं. कीटकशास्त्र हा स्वतंत्र विषय पुढे दोन वर्षांच्या एमएस्सी कृषीत निवडायचा. पहिल्या चार वर्षांत माती, बियाणं, अर्थशास्त्र, सगळंच येतं. किड्यांशिवाय दुसरं काही नको, असं म्हणणारी मुलं तिथे वैतागतात. तिला शेताचं बाकीचं कामही आवडतं का, हे आधी बघा. नुसत्या प्राण्यांत रस असेल तर बीएस्सी प्राणिशास्त्र ही दुसरी वाट आहे.

पाऊस सुरू झाला की कडुनिंबाखाली संध्याकाळी बॅटरी घेऊन जायला तिला सांगा. भुंगेरे बाटलीत घेतले तर चिठ्ठीवर तारीख, झाड, वेळ लिहून लावू दे. फडात काणीचा पट्टा दिसला तर मात्र तिने हात लावू नये. भुकटी कपड्यांवर बसून दुसऱ्या फडात जाते, तेव्हा तुम्ही मोठ्यांनीच पिशवी घालून तो कापा.