११:११ सारखं का दिसतं, आणि ट्विन फ्लेमच्या दाव्याची परीक्षा कशी घ्यावी

प्रश्न: माझा धाकटा भाऊ सांगलीत नोकरीला आहे, वय २६. त्याला आवडणाऱ्या मुलीने सहा महिन्यांपूर्वी स्पष्ट नाही म्हटलं आणि नंबर ब्लॉक केला. तेव्हापासून त्याला मोबाईलवर ११:११, गाड्यांवर ११११, २२२ असं सतत दिसतं. इन्स्टाग्रामवरच्या एका न्यूमरॉलॉजिस्ट बाईंनी दोघांच्या जन्मतारखा बघून सांगितलं की तुम्ही ट्विन फ्लेम आहात, म्हणजे एकाच आत्म्याचे दोन भाग, ती 'रनर' म्हणजे नात्यापासून पळणारी आहे, परत येईल. आता 'युनियन सेशन'चे अकरा हजार मागतायत. भाऊ म्हणतो, एवढे योगायोग कसे असतील? मला उत्तर सुचत नाही.

उत्तर:

ताई, पहिली गोष्ट म्हणजे त्याला आकडे दिसतात हे खोटं ठरवायला जाऊ नका. ते खरंच दिसतायत, आणि पूर्वीपेक्षा जास्त दिसतायत. तुम्ही "तुझ्या मनाचे खेळ" म्हणालात की तो तिथेच ऐकायचं थांबवेल. मी साताऱ्यात बरीच वर्षं संख्याशास्त्र शिकवलं. माझ्या अनुभवात असा माणूस हिशोबाला घाबरत नाही, टिंगलीला घाबरतो. तेव्हा हिशोबच करू.

मोबाईलचं घड्याळ बारा तासांचं आहे असं धरा. सगळे अंक सारखे असलेल्या वेळा सहा: १:११, २:२२, ३:३३, ४:४४, ५:५५ आणि ११:११. पण 'एंजल नंबर'वाले, म्हणजे अशा आकड्यांना देवदूतांचे संदेश मानणारे, तेवढ्यावर थांबत नाहीत. १०:१०, १२:१२, ७:०७ अशा तास आणि मिनिटं सारखी असलेल्या आणखी अकरा वेळा त्यांना चालतात, आणि १२:३४, १:२३, २:३४ अशा चढत्या क्रमाच्या पाच. झाल्या बावीस. दिवसातून दोनदा येतात म्हणून ४४ मिनिटं. (४४ सुद्धा त्यांच्या यादीत आहे, पण असो.) दिवसाची १४४० मिनिटं. म्हणजे सहज मोबाईल पाहिला तर साधारण तेहतीसात एकदा यादीतली वेळ दिसणार. दिवसात ऐंशी वेळा स्क्रीन उघडणाऱ्याला दोन-तीन 'संदेश' रोज मिळणार, त्याचं लग्न ठरलेलं असो की मोडलेलं.

आता यातला कळीचा भाग. ज्या मुलीने बोलणं थांबवलंय तिचा मेसेज आला का, हे बघायला तो दिवसभर मोबाईल उचलत असणार. पूर्वी ऐंशी वेळा उचलत असेल तर आता दोनशे वेळा. दोनशेला हिशोब लावा, रोज सहा येतात. म्हणजे ताटातुटीच्या काळात आकडे वाढतात हा त्याचा अनुभव बरोबरच आहे, फक्त कारण वेगळं आहे. आकडे वाढले म्हणून ती आठवण काढते असं नाही. त्याचं वाट पाहणं वाढलं, म्हणून आकडे वाढले. ट्विन फ्लेमवाले याच काळाला 'सेपरेशन स्टेज' म्हणतात आणि या टप्प्यात खुणा वाढतात असंही आधीच सांगून ठेवतात. ते भाकीत दर वेळी खरं ठरतं, कारण दुखावलेला माणूस मोबाईल जास्त बघतो.

त्यात दोन गोष्टींची भर पडते. ११:०९ ला मोबाईल पाहिलेला माणूस ११:११ होईपर्यंत स्क्रीन बंद करत नाही आणि मग 'दिसलं' म्हणून धरतो. आणि एकदा एखादी गोष्ट मनात बसली की ती सगळीकडे दिसायला लागते. भाषाशास्त्रज्ञ अर्नोल्ड झ्विकी यांनी २००५ मध्ये याला 'वारंवारतेचा भ्रम' अशा अर्थाचं नाव दिलं. ११:१७ त्याला तितक्याच वेळा दिसत असणार, फक्त ते लक्षात राहत नाही.

गाड्यांचं तर आणखी सोपं आहे. चार अंकी नंबरात सलग तीन अंक सारखे असलेले दहा हजारात १९० निघतात, म्हणजे साधारण पन्नासात एक. विश्रामबागच्या चौकात किंवा आमच्या पोवई नाक्यावर सिग्नलला उभं राहिलं की पन्नास गाड्या व्हायला कितीसा वेळ लागतो? शिवाय ११११, ७७७७ हे नंबर रस्त्यावर आपोआप आलेले नाहीत. लोकांनी आरटीओत जादा पैसे भरून पसंतीचा क्रमांक म्हणून ते घेतलेत. त्यामुळे हमरस्त्यावर ते हिशोबापेक्षा जास्तच भेटणार. (आणि तो साताऱ्याला आला तर प्रत्येक गाडीवर एमएच ११ आहेच, तेव्हा इथे येऊन काही ठरवू नको म्हणावं.)

आता जन्मतारखांकडे. त्या बाईंनी काय केलं असेल ते सांगतो. दोघांचे मूलांक काढले, म्हणजे जन्मदिवसाच्या अंकांची बेरीज. मग भाग्यांक, म्हणजे पूर्ण तारखेची बेरीज एक अंक येईपर्यंत. मग नामांक, नावाच्या इंग्रजी स्पेलिंगवरून. दोघांचा अंक सारखा आला तर 'आत्मा एकच', आणि बेरीज ११ आली तर 'मास्टर नंबर', ट्विन फ्लेमची खूण.

हे किती जोड्यांना लागू पडेल? १ ते ९ मधले दोन अंक घेतले तर ८१ जोड्या होतात. त्यातल्या नऊ सारख्या, आठ जोड्यांची बेरीज ११. म्हणजे ८१ पैकी १७, साधारण एकवीस टक्के. ही झाली एक संधी. मूलांक, भाग्यांक आणि नामांक मिळून संधी तीन. तिन्ही हुकण्याची शक्यता ७९ टक्क्यांचा तीनदा गुणाकार, म्हणजे सुमारे ४९ टक्के. उरलेले ५१ टक्के कुठे ना कुठे लागतातच. सांगलीच्या बसस्टँडवरून कुठलीही दोन अनोळखी माणसं उचलली तरी ती ट्विन फ्लेम निघण्याची शक्यता निम्म्याहून जरा जास्त!

ज्यांना तिन्हीत काही मिळत नाही त्यांच्यासाठी पुढची दारं उघडी असतात: एकाचा मूलांक आणि दुसऱ्याचा भाग्यांक, पहिल्या भेटीची तारीख, नावाचं स्पेलिंग बदलणं. 'संगीता' हे नाव मधे एक 'आय' घालून लिहिलं तर अक्षरांना अंक देणाऱ्या पायथागोरियन तक्त्याने ८ येतात, दोन 'ई' घालून लिहिलं तर ९. खाल्डियन तक्ता घेतला तर 'आय'वाल्या स्पेलिंगचेही ९. कुठलं स्पेलिंग आणि कुठला तक्ता, हे उत्तर दिसल्यावर ठरवायची मुभा असेल तर ते गणित राहत नाही.

मग दावा तपासायचा कसा? आपल्याकडे याचा एक चांगला नमुना आहे. २००८ मध्ये जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर (आमच्या साताऱ्याचे) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्योतिषांची चाचणी घेतली. काही कुंडल्या हुशार मुलांच्या होत्या, काही मतिमंद मुलांच्या. प्रत्येक ज्योतिषाने ४० कुंडल्या बघून कुठली कोणाची ते सांगायचं. २७ जणांची उत्तरं आली. सरासरी निम्म्याच्याही खाली राहिली, सर्वात चांगल्याला ४० पैकी २४ जमल्या. नाणं उडवून साधारण वीस जमतात. ती चाचणी कुंडलीची होती, अंकांची नव्हे, पण पद्धत जशीच्या तशी उचलता येते.

नात्यातल्या दहा सुखी जोडप्यांच्या जन्मतारखा त्यांना विचारून घ्या. दहा चिठ्ठ्या करायच्या. प्रत्येक चिठ्ठीसाठी नाणं उडवा. छापा आला तर खरी जोडी लिहा, काटा आला तर नवऱ्याची तारीख तीच ठेवून बायकोची तारीख दुसऱ्या जोडप्यातली घ्या. जोडपी साधारण एकाच वयाची हवीत, नाहीतर वयाच्या अंतरावरूनच ओळखता येईल आणि चाचणी वाया जाईल. कोणती चिठ्ठी खरी ते वेगळ्या कागदावर लिहून तो कागद तुमच्याकडे ठेवा. भावालाही ठाऊक नको, कारण बाईंशी बोलताना त्याच्या तोंडून नकळत निसटेल. मग बाईंना विचारा, यातल्या खऱ्या जोड्या कोणत्या? किती खऱ्या आहेत ते सांगायचं नाही. दहापैकी नऊ किंवा जास्त बरोबर आल्या तर मी मानेन की विचार करण्यासारखं काही आहे. निव्वळ नशिबाने तसं होण्याची शक्यता शंभरात एक. पाच-सहा आल्या तर ते नाण्याचं काम. "ही ऊर्जा अशी तपासता येत नाही" असं म्हणाल्या, तर अकरा हजार कशाचे, हे भावानेच त्यांना विचारावं.

'रनर-चेझर', म्हणजे एक पळतो आणि दुसरा मागे लागतो, ही कल्पना मात्र कुठल्याच चाचणीत सापडत नाही, कारण ती तशीच बेतलेली आहे. ती बोलली तर ओढ, गप्प राहिली तर घाबरून पळतेय, ब्लॉक केलं तर ओढ फारच तीव्र, दुसऱ्याशी लग्न केलं तर 'कर्माचा धडा'. भावाला एकच विचारा: काय घडलं तर तू मानशील की ती तुझी ट्विन फ्लेम नाही? उत्तर त्याच्या हाताने, तारखेसह लिहून घ्या. लिहिता आलं नाही तर ते तसंच कोरं ठेवा, वाद घालू नका. तो कागद त्याच्याजवळ राहू दे.

हे मी गमतीत घेत नाही, त्याचं कारण ती मुलगी आहे. तिने नाही म्हटलंय आणि ब्लॉक केलंय. 'चेझर'ने चिकाटी सोडू नये असा सल्ला मिळाला की माणूस नव्या नंबरवरून मेसेज करतो, ऑफिसबाहेर उभा राहतो, मैत्रिणींना गाठतो. स्त्रीने स्पष्ट नकार दिल्यावरही तिचा पाठलाग करणं किंवा पुन्हा पुन्हा संपर्काचा प्रयत्न करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे. पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. ती इंटरनेटवर काय करते यावर पाळत ठेवणंही त्यातच येतं. असं काही त्याने आधीच केलंय का, हे शांतपणे विचारून घ्या. आणि बाईंनी 'तिला एनर्जी पाठवायची आहे' म्हणून तिचा फोटो किंवा पत्ता मागितला असेल तर तो देऊ देऊ नका.

'एंजल नंबर' लोकप्रिय करणाऱ्या अमेरिकेतल्या डोरीन व्हर्च्यू यांनी २०१७ मध्ये ख्रिस्ती श्रद्धा स्वीकारली आणि पुढे स्वतःचं हे आधीचं सगळं काम जाहीरपणे नाकारलं. यातून आकडे खोटे सिद्ध होत नाहीत, पण 'हजारो वर्षांचं प्राचीन ज्ञान' असं कोणी सांगत असेल तर भावाला हे ठाऊक असावं. या याद्या आजच्या रूपात आपल्याच काळातल्या आहेत.

झोप, जेवण, नोकरी यावर परिणाम झाला असेल, किंवा आकडे त्याला 'अमुक कर' असं सांगतात असं तो म्हणायला लागला असेल, तर चिठ्ठ्यांच्या चाचणीत वेळ घालवू नका. मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा. १४४१६ या टेलिमानसच्या सरकारी नंबरवर मराठीतही बोलता येतं. तसं नसेल तर पुढच्या आठवड्यात दोघं मिळून फक्त एवढं करा: वहीत दोन रकाने आखा, एक ११:११ चा आणि एक ११:१७ चा. मोबाईल सहज उघडल्यावर जी वेळ दिसेल तीच नोंदवायची. आधीपासून थांबून पाहिलेली धरायची नाही. आणि रोज मोबाईल किती वेळा उघडला तोही आकडा लिहा, तो फोनच्या सेटिंगमध्ये 'डिजिटल वेलबीइंग' किंवा 'स्क्रीन टाइम'खाली मिळतो. सेशनचे पैसे तोवर थांबवून ठेवा. "आजच भरा, पोर्टल बंद होतंय" असा मेसेज मधे आला तर त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा.