दरवाढीचे पत्र लिहिण्यापूर्वी

सांगली

चि. हीस अनेक आशीर्वाद.

भडंगाच्या दरवाढीबद्दल ग्राहकांना पाठवायच्या पत्राचा तुझा मसुदा मिळाला आणि त्यासोबत तू हिशेबाच्या वहीची दोन पानेही पाठवलीस, हे फार बरे केलेस. मसुदा मी एकदा वाचला, वही तीनदा वाचली. दोन्ही एकाच माणसाने लिहिली आहेत यावर माझा विश्वास बसेना. मसुद्यात तू म्हणतेस की तेल आणि लसूण महागल्यामुळे, तसेच "एकूण परिस्थितीमुळे", नाइलाजास्तव दर वाढवावे लागत आहेत. वही मात्र वेगळेच सांगते. म्हणून आधी वहीबद्दल लिहितो. पत्राची भाषा त्यातूनच निघेल.

तुझा एक घाणा 10 किलोचा, म्हणजे पाव किलोची 40 पाकिटे. मागच्या दरवाढीच्या वेळी या घाण्याला 1447 रुपये लागत होते आणि आज 1684 लागतात. वाढ 237 रुपयांची आहे. ती कुठून आली ते पाहू. चिरमुऱ्यांचे 52, तेलाचे 36, पाकीट आणि लेबल मिळून 24, शेंगदाण्याचे 15, तिखट-मसाल्याचे 10. गॅसचा आकडा होता तिथेच आहे. राहिलेले पूर्ण 100 रुपये मजुरीचे आहेत, कारण तुझ्याकडे अर्धा दिवस येणाऱ्या दोघी बायकांना तू एका घाण्यामागे प्रत्येकी 150 रुपये देत होतीस, ते आता 200 देतेस. सर्वांत मोठे कारण हे आहे, आणि तुझ्या मसुद्यात त्याचा एक शब्दही नाही.

लसणाचे तर आश्चर्यच वाटले. 2024 च्या अखेरीस किरकोळ बाजारात लसूण किलोला चारशेच्या घरात गेला होता, तेव्हा तू हैराण झाली होतीस हे मला आठवते. परंतु नवा माल आल्यावर तो उतरला, आणि तुझ्या वहीत आज अर्ध्या किलो लसणाचे तेच 60 रुपये लिहिलेले आहेत जे पूर्वी होते. तेलाचे दुखणे खरे आहे, पण तेही वरखाली होणारे आहे. 14 सप्टेंबर 2024 पासून केंद्र सरकारने कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचे आयात शुल्क अधिभारांसह साडेपाच टक्क्यांवरून साडेसत्तावीस टक्क्यांवर नेले, आणि 2025 च्या मे अखेरीस ते साडेसोळा टक्क्यांवर आणले. ज्या वस्तूचा भाव दिल्लीतल्या एका अधिसूचनेने चढतो आणि दुसऱ्या अधिसूचनेने उतरतो, ती वस्तू दरवाढीचे मुख्य कारण म्हणून छापायची नसते. मजुरीचे तसे नाही. ती एकदा वाढली की खाली येत नाही आणि येऊही नये.

हे मी अनुभवाने सांगतो. चटणीचा व्यवसाय नवा होता तेव्हा मी दुकानावर पाटी लावली होती की मिरची कडाडल्यामुळे चटणी किलोमागे चार रुपयांनी महाग करत आहोत. पुढच्या फाल्गुनात मार्केट यार्डात मिरचीची आवक वाढली आणि भाव पडले. आमच्याकडे नेमाने येणारे एक निवृत्त शिक्षक गल्ल्यापाशी उभे राहिले आणि अतिशय सौम्यपणे म्हणाले, "मिरची उतरली म्हणतात, पाटी कधी उतरणार?" मला उत्तर देता आले नाही, कारण खरी वाढ मिरचीची नव्हतीच, कांडपाच्या गिरणीचे भाडे वाढले होते आणि ते लिहायला मला कमीपणा वाटला होता. ते गृहस्थ त्यानंतरही येत राहिले, पण भाव विचारून घेऊ लागले.

आता आकड्याकडे वळू. 237 रुपये 40 पाकिटांवर पसरले की पाकिटामागे जवळजवळ 6 रुपये होतात, आणि म्हणून तू छापील किंमत 60 वरून 66 करायचे ठरवले आहेस. इथे तुझी चूक होते आहे. छापील किमतीच्या वीस टक्के दुकानदार ठेवतो. 60 रुपयांच्या पाकिटात तुझ्या हाती 48 येतात. 66 केलेस तर त्या वाढीव सहातलेही एक रुपया वीस पैसे त्याच्याकडे जातील आणि तुला 4 रुपये 80 पैसेच मिळतील. म्हणजे दरवाढ करूनही तू मागच्या जागेवर पोहोचणार नाहीस. हातात सहा यायचे असतील तर किंमत साडेसात रुपयांनी वाढली पाहिजे. दुकानातून माल विकणारे पुष्कळ लोक इथे फसतात आणि सहा महिन्यांनी पुन्हा दरवाढ करायला निघतात. ग्राहकाला एकदा दहा रुपये वाढलेले सहन होतात, वर्षातून दोनदा वाढलेले सहन होत नाहीत.

साडेसदुसष्ट ही काही किंमत नव्हे. माझे मत 70 रुपयांचे आहे. यूपीआयमुळे सुट्ट्या पैशांची अडचण कमी झाली असली, तरी एसटी स्टँडवर गाडी सुटताना पाकीट घेणारा माणूस नोटच पुढे करतो. 70 केल्यास वाढीव 10 रुपयांची वाटणी अशी होईल: 6 रुपये वाढलेल्या खर्चाचे, 2 दुकानदाराचे आणि 2 तुझे. तुझ्या पदरात पूर्वी पाकिटामागे 11 रुपये 80 पैसे राहत होते, ज्यातून जागेचे भाडे, पोहोचवणूक, फुटलेली पाकिटे आणि तुझी स्वतःची मेहनत निघायची. आज 5 रुपये 90 पैसे राहतात, म्हणजे बरोबर निम्मे. 70 रुपयांना 13 रुपये 90 पैसे राहतील. हे जे दोन रुपये पूर्वीपेक्षा जास्त राहतात, ते लपवू नकोस. ते पुढचे वर्षभर दर न वाढवण्यासाठी आहेत, असे स्पष्ट लिही आणि मग खरोखर वाढवू नकोस.

गिऱ्हाईक तुटेल अशी भीती तू लिहिली आहेस. तिचाही हिशेब करता येतो. आज 100 पाकिटांवर तुझ्याकडे जे 590 रुपये राहतात, तेवढे 70 रुपयांच्या दराने 43 पाकिटांत राहतील. निम्म्याहून अधिक गिऱ्हाईक गेले तर आजच्यासारखी स्थिती होईल, आणि भडंग 10 रुपयांनी वाढले म्हणून निम्मी सांगली ते खायचे सोडेल असे मला वाटत नाही.

तुझ्या भावाने सुचवलेला उपाय, म्हणजे किंमत 60 च ठेवून पाकीट 225 ग्रॅमचे करायचा, मला पटला नाही. खरे वजन छापले तर त्यात बेकायदा काही नाही. मात्र 60 रुपयांना 225 ग्रॅम म्हणजे पाव किलोला साधारण 66 रुपये 70 पैसे. ही दरवाढच आहे, फक्त न सांगता केलेली. शिवाय एक किलोहून लहान पाकिटावर आता दर ग्रॅमचा भावही छापावा लागतो, त्यामुळे पाहणाऱ्याला 24 पैशांचे जवळजवळ 27 पैसे झालेले दिसतातच. आणि ज्या घरात तुझे पाकीट डब्यात ओतले जाते, तिथे डबा कुठवर भरायचा हे त्या बाईला डोळ्यांनी माहीत असते.

एक कायद्याची गोष्ट तुझ्या मसुद्यात राहून गेली आहे. भरून तयार असलेल्या पाकिटावर जादा किमतीचे स्टिकर चिकटवता येत नाही. किंमत कमी करायची असेल तरच तसे स्टिकर चालते, आणि तेही जुनी किंमत न झाकता. म्हणून 60 छापलेला माल 60 लाच संपवायचा, दुकानदाराच्या फळीवरचासुद्धा. तुझा माल फळीवर साधारण पंधरा दिवस राहतो असे तू म्हणतेस, म्हणून पत्र आणि नवा दर यांत तीन आठवड्यांचे अंतर ठेव. दुकानदारांना मात्र ग्राहकांच्या आधी दोन दिवस फोन कर. मिरजेच्या दुकानदाराला ही बातमी गिऱ्हाइकाच्या तोंडून कळली, तर तो तुझी बाजू मांडणार नाही, आणि गल्ल्यावर प्रश्न त्यालाच विचारला जाणार आहे.

आता पत्र. तुझ्या मसुद्यातले "नाइलाजास्तव", "सहकार्य अपेक्षित" आणि "दिलगीर आहोत" हे तिन्ही शब्द मी काढले आहेत. नाइलाज म्हटले की निर्णय दुसऱ्याने घेतल्यासारखे वाटते. हा निर्णय तू घेतला आहेस. मजुरी वाढवली याबद्दल दिलगिरी तर मुळीच नको. दर पहिल्याच वाक्यात यावा, कारण वाचणारा तोच शोधत असतो आणि तो खाली दडवला की वरचा सगळा मजकूर त्याला संशयास्पद वाटतो. संपूर्ण वही उघडून दाखवायचीही गरज नाही; मोठी दोन कारणे पुरेत. मी असे लिहिले असते:

"नमस्कार. पुढील महिन्याच्या 1 तारखेपासून आपल्या पाव किलो भडंगाच्या पाकिटाची किंमत 60 ऐवजी 70 रुपये होईल. वजन आणि साहित्य तेच राहील. वाढीव 10 रुपयांपैकी 6 रुपये वाढलेल्या खर्चाचे आहेत. त्यातला सर्वांत मोठा भाग भडंग करणाऱ्या दोघींच्या मजुरीचा आहे, जी मी वाढवली, आणि त्याखालोखाल चिरमुऱ्यांचा. 2 रुपये दुकानदारांचे आहेत आणि 2 रुपये माझ्याकडे राहतील, ज्यांच्या आधारावर पुढील वर्षभर मी दर वाढवणार नाही. 60 रुपये छापलेली पाकिटे शेवटच्या पाकिटापर्यंत 60 रुपयांनाच मिळतील. महिनाअखेरपर्यंत आगाऊ नोंदवलेली मागणीही जुन्या दराने दिली जाईल. काही विचारायचे असल्यास मला थेट फोन करा."

यात आपुलकीचे वेगळे वाक्य घातलेले नाही हे तुझ्या लक्षात येईल. तुला वाटलेच तर पुण्या-मुंबईकडे भडंग मागवणाऱ्यांसाठी वरती एक ओळ तुझ्या शब्दांत घाल, पण "आपले प्रेम असेच राहू द्या" हे नको. ते प्रत्येक दुकानाच्या दिवाळीच्या शुभेच्छापत्रात असते.

एक गोष्ट मात्र पत्र पाठवण्यापूर्वी कर. मजुरीचा उल्लेख त्या दोघींना वाचून दाखव आणि त्यांची हरकत नाही ना, ते विचार. त्यांच्या घामाचा दाखला देऊन आपण दर वाढवतो आहोत, तेव्हा ते त्यांना शेजारणीकडून कळणे बरे नव्हे.

आगाऊ मागणीला मात्र मर्यादा घाल, एका घरामागे चार पाकिटे पुरेत. नाहीतर एखादा दुकानदारच जुन्या दराने साठा करून ठेवेल. नव्या लेबलचा नमुना छापण्यापूर्वी मला दाखव. मागच्या वेळी दर ग्रॅमचा भाव छापायचा राहिला होता आणि दोन हजार लेबले रद्दीत गेली होती. या वेळी ग्रॅममागे 28 पैसे, हे मी आत्ताच लिहून ठेवतो.

तुझा,
काका