जुन्या ग्राहकाची बाकी आणि गोड शब्दांतली चिठ्ठी

प्रश्न : माझे कराडमध्ये शिलाईचे दुकान आहे. एका काकूंचे घर वीस वर्षांपासून माझ्याकडे शिवते. त्यांच्याकडे ४२,००० रुपये थकले आहेत : मुलीच्या लग्नाचे कपडे फेब्रुवारी २०२३ मध्ये नेले, त्याचे उचल वजा जाता २४,५०० राहिले, मे २०२४ मधल्या मुंजीचे १३,००० आणि मागच्या दिवाळीचे ४,५००. उधारीची मुदत ठरलेली नव्हती. जुलैमध्ये मी 'तीन दिवसांत पैसे भरा' अशी चिठ्ठी पाठवली, तर त्यांनी बोलणेच सोडले. आता बायको म्हणते, गोड शब्दांत लिहा. मी असे लिहिले आहे : 'काकू, आपले घरचे नाते आहे, घाई नाही, सवडीने द्या.' पाठवू का? की निम्मे सोडून देऊन विषय मिटवू? मशिनसाठी पतसंस्थेचे १४ टक्क्यांचे कर्ज माझ्या डोक्यावर आहे.

उत्तर : नमस्कार. चिठ्ठी अवश्य पाठवा आणि ती गोड शब्दांतच असू द्या, परंतु आपण लिहिलेली ही चिठ्ठी पाठवू नका. जुलैच्या चिठ्ठीत आकडा आणि मुदत होती, माणूस नव्हता. या चिठ्ठीत माणूस आहे, पण आकडा आणि तारीख दोन्ही गेले. 'घाई नाही, सवडीने द्या' हे वाक्य काकू शब्दशः घेतील आणि त्यात त्यांची चूक नसेल. शिवाय उद्या वाद झालाच, तर 'पैसे केव्हा द्यायचे ते यांनीच आमच्यावर सोपवले होते' असे म्हणायला तुमच्याच हातचा कागद त्यांच्याकडे राहील.

घाई आपल्याला आहे, आणि तिची दोन कारणे आहेत. पहिले कर्जाचे. हे ४२,००० हातात असते तर तेवढे कर्ज फिटले असते. १४ टक्क्यांनी त्यावरचे व्याज वर्षाला ५,८८० रुपये, म्हणजे महिन्याला ४९० रुपये होते. काकूंची बाकी आपण पतसंस्थेच्या पैशाने सांभाळत आहात.

दुसरे कारण मला अधिक काळजीचे वाटते. मुदत कायदा, १९६३ प्रमाणे, पैसे देण्याची तारीख ठरलेली नसेल तर केलेल्या कामाच्या मोबदल्यासाठी काम पूर्ण झाल्यापासून तीन वर्षांच्या आत दावा करावा लागतो. लग्नाच्या बिलाची ही मुदत फेब्रुवारी २०२६ मध्ये संपते, आणि बाकीचा निम्म्याहून मोठा भाग त्याच बिलाचा आहे. आपण काकूंवर दावा लावावा असे मी मुळीच सुचवत नाही. परंतु मुदत संपण्याच्या आत त्यांनी 'एवढी रक्कम देणे आहे' असे लिहून खाली सही केली, तर त्या तारखेपासून तीन वर्षे नव्याने मोजली जातात. त्यांनी काही रक्कम दिली आणि त्याची नोंद त्यांच्या अक्षरात किंवा सहीने असली, तरीही तसेच होते. धनादेशावर देणाऱ्याची सही असतेच. मोबाइलवरून पैसे आले, तर घेतल्याच्या पावतीवर त्यांची सही घ्यावी. नुसती आपल्या वहीतली नोंद, आपण पाठवलेली चिठ्ठी किंवा वकिलाची नोटीस यांनी ही मुदत वाढत नाही. म्हणून या चिठ्ठीचे खरे काम काकूंकडून सहीचे चार शब्द आणि पहिला हप्ता मिळवणे हे आहे.

मी चिठ्ठी अशी लिहिली असती :

'आदरणीय काकूंना सप्रेम नमस्कार. जुलैमधल्या माझ्या चिठ्ठीची भाषा आपल्याला लागली, त्याबद्दल मनापासून क्षमा मागतो. ताईच्या लग्नातल्या शालूवरच्या ब्लाउजची पावती आज बिलबुकात दिसली. तिला टाचलेला राणी रंगाचा तुकडा अजून तसाच आहे, आणि आपण बाही दोनदा सैल करून घेतली होती तेही आठवले. आपल्या घरचे काम मी कधी परके मानले नाही, म्हणून मोकळेपणाने लिहितो. लग्नाचे २४,५००, मुंजीचे १३,००० आणि मागच्या दिवाळीचे ४,५०० असे एकूण ४२,००० रुपये येणे आहे. कारागिरांची मजुरी मी तेव्हाच दिली आणि मशिनचे कर्ज चालू आहे, त्यामुळे आता मला ओढाताण होते. एकदम जमणार नसेल, तर ५ ऑक्टोबरला १२,००० आणि पुढे नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारीच्या ५ तारखेला १०,००० असे चालेल. दुसरी सोय हवी असेल तर सांगावे. हिशेबात काही चुकले असेल तर पावत्या घेऊन मीच येतो. मान्य असल्यास खालच्या ओळीवर सही करून कागद परत द्यावा, दुसरी प्रत आपल्याकडे ठेवावी.'

खाली एवढेच : 'वरीलप्रमाणे ४२,००० रुपये देणे आहे, मान्य.' मग सही आणि तारीख.

हप्ते जानेवारीत संपतात, म्हणजे फेब्रुवारीच्या अलीकडे. चिठ्ठी बंद पाकिटात, दुपारच्या निवांत वेळी, आपण स्वतः घरी नेऊन द्या. मुलाच्या हाती किंवा दुकानात चार गिऱ्हाइकांसमोर देऊ नका. जुलैत त्या दुखावल्या त्याचे कारण पैसे मागणे नसून ते कोणासमोर मागितले हे असू शकते. आपल्याला ते माझ्यापेक्षा चांगले ठाऊक असेल.

पहिले १२,००० आले की पावतीवर 'फेब्रुवारी २०२३ च्या बिलापोटी' असे लिहा. देणाऱ्याने रक्कम कशापोटी ते सांगितले नसेल, तर ती कोणत्या बाकीला धरायची हे येणेकऱ्याला ठरवता येते. मात्र काकू 'हे मागच्या दिवाळीचे' म्हणाल्या, तर ते दिवाळीचेच धरावे लागेल.

निम्मे सोडण्याला माझा स्पष्ट नकार आहे. त्या ४२,००० मध्ये कारागिरांची मजुरी, अस्तर, फॉल-पिको आणि बाहेरून करून घेतलेले आरीकाम किती होते ते बिलबुकातून काढा. ते २६,००० निघाले, तर २१,००० घेऊन मिटवताना आपण पदरचे ५,००० घालाल आणि स्वतःची मेहनत वेगळी जाईल. सगळी रक्कम एकदम देतो असे त्या म्हणाल्या, तर २,००० सोडून ४०,००० घ्या. ते साधारण चार महिन्यांच्या व्याजाइतके आहेत, आणि हप्त्यांनी पूर्ण पैसे यायलाही जवळपास तेवढेच महिने लागतात. पण ही सूट समोर बोलताना द्यावी, चिठ्ठीत लिहू नये. लिहिली की घासाघीस तिथून खाली सुरू होते.

नवीन कपडे अडवून ठेवण्याचा विचार मनात आला असेल, तर तो सोडा. करार कायदा, १८७२ च्या कलम १७० प्रमाणे, शिलाई मिळेपर्यंत कपडा ठेवून घेता येतो, पण त्याच कपड्याच्या शिलाईसाठी, मागच्या बाकीसाठी नाही. त्या कलमाखालचे एक उदाहरण शिंप्याचेच आहे : कोट तयार होताच देतो आणि पैशाला तीन महिने थांबतो असे त्याने कबूल केले असेल, तर पैशासाठी त्याला कोट अडवता येत नाही. काकू या दिवाळीचे काम घेऊन आल्या, तर आनंदाने घ्या. निम्मी रक्कम माप घेताना आणि उरलेली कपडे नेताना घ्या, आणि हा हिशेब जुन्या बाकीत मिसळू देऊ नका.

पंधरा दिवसांत उत्तर आले नाही, तर एकदा घरी जाऊन बसा. नोव्हेंबर संपेपर्यंत सही आणि पैसे यांपैकी काहीच आले नाही, तर बिलबुक घेऊन तालुका विधी सेवा समितीकडे जा. दाव्याआधीच प्रकरण लोकअदालतीत ठेवता येते, त्याला कोर्ट फी लागत नाही आणि तडजोड समोरासमोर बसून होते. तिथेही तडजोड झाली नाही, तर डिसेंबरातच वकिलांना भेटा, कारण फेब्रुवारीची तारीख तेवढ्याने पुढे जात नाही.